गडगडाटाला भिणारा कूपू: पाच वर्षांच्या मुलासाठी निजतानाची गोष्ट कशी रचावी

आमच्या गोव्यातल्या डिचोलीत मे महिन्याच्या शेवटी रोज संध्याकाळी एकच नाटक. दुपारभर उकाडा, चारनंतर पूर्वेला सह्याद्रीवर काळं चढतं, सातच्या सुमाराला वारा सुटतो, वीज चमकते आणि लाइट जाते. गेल्या वर्षी आमची बाय पाच वर्षांची झाली आणि हे नाटक तिला पहिल्यांदा नीट कळलं. मग रात्री झोप नाही. तेव्हा मी तिच्यासाठी एका लहान ढगाची गोष्ट रचली. ती सहजासहजी जमली नाही, दोनदा फसली. कशी फसली आणि शेवटी काय टिकलं, ते क्रमाने सांगतो. ज्यांनी कधी स्वतः गोष्ट रचलेली नाही त्यांच्यासाठी हे आहे, त्यामुळे पूर्ण गोष्टही देतो.

आधी भीती नेमकी कशाची, ते शोधा

मूल गडगडाटाला भितं असं आपण म्हणतो, पण त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. कुणाला आवाजाचा धक्का सोसत नाही, कुणाला विजेचा लखलखाट, कुणाला लाइट गेल्यावरचा काळोख. हे रात्री विचारू नका. दिवसा, भात भरवताना किंवा आंघोळीच्या वेळी, हातात दुसरं काम असताना विचारा. तेव्हा मूल सहज बोलून जातं.

आमच्या बायचं उत्तर ऐकून मी चाट पडलो. आवाज आला की ती सुटकेचा श्वास टाकायची. खरी भीती वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या त्या रिकाम्या जागेत होती. माझं मनगट धरून ती विचारायची, "पप्पा, आतां येतलो?" आणि मी सांगायचो, "येतो, भिऊ नको." हे काही उत्तर नव्हतं, कारण कधी येतो ते मलाही सांगता येत नव्हतं.

तेव्हा गोष्टीचं काम ठरलं. त्या रिकाम्या जागेत मुलाच्या हाताला काहीतरी काम द्यायचं. तुमच्या मुलाची भीती वेगळी निघाली तर कणा बदलावा लागेल. माझ्या गोष्टीत वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे आहेत; काळोखाची भीती असलेल्या मुलाला ती मोजणी फारशी कामाची नाही, त्याच्या गोष्टीत काजवे हवेत.

मग खरं काय घडतं, ते स्वतः समजून घ्या

मुलाला विज्ञान सांगायचं नाही, पण गोष्ट विज्ञानाच्या उलट जाता कामा नये. उद्या शाळेत वेगळं कळलं की गोष्टीवरचा विश्वास जातो.

वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कित्येक पट तापते. ती हवा एकदम फुगते आणि तो धक्का म्हणजे गडगडाट. उजेड आपल्यापर्यंत लगेच पोचतो. आवाजाला मात्र एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणजे वीज दिसल्यावर शांतपणे आकडे मोजले आणि नवाला आवाज आला, तर वीज साधारण तीन किलोमीटरवर होती.

गोव्यापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गडगडाट इथे मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात होतो. जुलैचा पाऊस दिवसचे दिवस कोसळतो, पण बहुधा मुकाट्याने. म्हणून गोष्ट सांगायला सुरुवात एप्रिलमध्ये करा, आकाश स्वच्छ असताना. पहिल्यांदाच गडगडाटाच्या रात्री सांगायला गेलात तर मुलाचे कान खिडकीकडे असतात, तुमच्याकडे नाही.

आवाजाला राग देऊ नका, काम द्या

गोष्टीत गडगडाट कोण करतं, हा सगळ्यात मोठा निर्णय. ढगांची मारामारी, राक्षसाचं ओरडणं, देव कोपला, ही सगळी उत्तरं मुलाला हेच सांगतात की वर कुणीतरी चिडलंय. पाच वर्षांच्या मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: माझ्यावर?

आपल्याकडे याचं उत्तर पिढ्यानपिढ्या तयार आहे. म्हातारी हरभरे भरडतेय. लहानपणी मला ते नुसतं गमतीचं वाटायचं, आता त्यातली हुशारी कळते. जात्याचा आवाज मोठा असतो, पण तो कामाचा आवाज आहे. घरात मिक्सर लागला तर मूल दचकतं, पण मिक्सर आपल्यावर रागावलाय असं त्याला वाटत नाही. जात्यातून कधी ठिणगीही उडते, म्हणजे विजेचीही सोय झाली. मी म्हातारीला आजी केली आणि हरभऱ्यांना हेतू दिला: चण्याच्या डाळीचं मणगणें. आमच्या घरी ते सणाला होतं आणि बायला त्यातला गूळ-नारळाच्या रसात शिजलेला साबुदाणा फार आवडतो. तुमच्या घरी पुरणपोळी होत असेल तर पुरणपोळी घाला.

जातं मुलाने पाहिलेलं नसेल तर आधी दाखवा. आमच्याकडे ते पडवीत तुळशीच्या कुंडीखाली होतं.

ढगाला एक सवय आणि एक वाट द्या

नाव सोपं, दोन अक्षरी. कोकणीत ढगाला कूप म्हणतात, त्यावरून आमचा ढग कूपू झाला. त्याला रडका करू नका. मूल रडक्या पात्राला हसतं आणि मग स्वतःची भीती लपवतं. कूपू फक्त गप्प होतो आणि अंग चोरतो, बाय करायची तसंच.

वाट मुलाच्या ओळखीची असावी. कूपू मिरामारच्या समुद्रावरून मांडवी ओलांडतो, चोडण बेट, मयेचं तळं, साखळी करत सत्तरी तालुक्यातल्या वाघेरी डोंगरावर पोचतो आणि रात्री परत येतो. हे निव्वळ कल्पनेचं नाही. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि रात्री उलटा फिरतो. जाताना मोजणी कमी होत जाते, येताना वाढत जाते. तीच वाढणारी मोजणी मुलाला झोपेकडे नेते. खऱ्या अंतराला याहून पुष्कळ जास्त आकडे लागतील, पण बायला दहापर्यंतच नीट येत होतं.

आकड्याला एक शब्द जोडा, नाहीतर मूल भराभर मोजून टाकतं. "एक फणस, दोन फणस" असं निवांत म्हटलं की प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागतो. घड्याळ लावून पाहिलं. "एक आंबा" जरा लवकर संपतं.

आता गोष्ट

समुद्रावर एक ढग होता. लहानसा. त्याचं नाव कूपू.

कूपू सकाळी मिरामारच्या समुद्रावर लोळायचा. खाली होड्या असायच्या. होडीतल्या माणसांना ऊन लागलं की कूपू त्यांच्यावर सावली धरायचा. माणसं वर बघून म्हणायची, "बरं केलंस हो, कूपू."

कूपूला सगळं आवडायचं. एकच गोष्ट आवडायची नाही. लांब डोंगरावर उजेड व्हायचा, लख्ख! मग कूपू गप्प व्हायचा. अंग चोरून घ्यायचा. आता तो आवाज येणार. आता? नाही. आता? नाही. आणि मग… गुडुगुडुगुडु.

एके दिवशी दुपारी समुद्रावरचा वारा आला. म्हणाला, "कूपू, डोंगरावर जाऊया?"

"तिथे तो आवाज असतो," कूपू म्हणाला.

"असतो," वारा म्हणाला. "माझ्या पाठीवर बस."

कूपू बसला. निघाले दोघे. खाली मांडवी नदी. नदीत फेरीबोट. फेरीबोटीत एक स्कूटर, दोन गाड्या आणि टोपलीत एक कोंबडी. मग चोडणची झाडं. मग मयेचं तळं. कूपूने तळ्यात पाहिलं तर आत दुसरा कूपू! याने मान हलवली, त्यानेही मान हलवली.

तेवढ्यात, लख्ख!

कूपू गप्प. अंग चोरलं.

वारा म्हणाला, "फणस मोज."

"फणस?"

"खाली बघ, कुळागरात केवढे फणस लागलेत. मोज."

एक फणस. दोन फणस. तीन फणस. चार फणस. पाच फणस. सहा फणस. सात फणस. आठ फणस. नऊ फणस… गुडुगुडुगुडु.

"आला," कूपू म्हणाला. "नऊ फणसांवर आला."

पुढे साखळी आली. वाळवंटी नदी आली. लख्ख! कूपूने स्वतःच मोजायला घेतलं. एक फणस. दोन फणस. तीन फणस. चार फणस. पाच फणस. सहा फणस… गुडुगुडुगुडु.

"आता सहावर!"

"कारण आपण जवळ आलो," वारा म्हणाला.

मग वाघेरी डोंगर आला. डोंगरावर बसली होती एक आजी. ढगांची आजी. सावळी, मोठी, मऊ. तिच्यापुढे होतं जातं. आजीने जातं फिरवलं. लख्ख! एक फण… गुडुगुडुगुडु.

"आजी," कूपू हळूच म्हणाला, "तू रागावलीस?"

"मी? नाही रे बाबा. हरभरे भरडतेय. उद्या मणगणें करायचंय."

"मग तो उजेड?"

"जात्याची ठिणगी."

"मग आवाज उशिरा का येतो?"

आजी म्हणाली, "उजेड धावत जातो. आवाज चालत जातो. तू लांब असलास की त्याला वेळ लागतो, एवढंच."

कूपूने जात्याकडे बघितलं. आजी म्हणाली, "फिरवतोस?" कूपूने खुंटा धरला. जोर लावला. जातं एवढंसं फिरलं.

गुड.

एवढंच. पोटात भूक लागल्यावर होतं तेवढंच.

आजी हसली. कूपूही हसला. हसता हसता त्याच्यातून दोन घागरी पाऊस सांडला, टप टप टप. खाली अंगण भिजलं. तुळस भिजली. एक बेडूक उठला, म्हणाला, "डराव?" आणि परत झोपला. कूपूचं अंग हलकं झालं.

आता रात्र झाली. डोंगरावरचा वारा आला. म्हणाला, "चल कूपू, घरी."

साखळीवर आले. मागे मंद उजेड झाला. एक फणस… दोन फणस… तीन फणस… चार फणस… पाच फणस… सहा फणस… गुडु.

मयेच्या तळ्यावर आले. तळ्यातला कूपू झोपला होता. मागे अगदी मंद उजेड झाला. एक फणस… दोन फणस… तीन फणस… चार फणस… पाच फणस… सहा फणस… सात फणस… आठ फणस… नऊ फणस… गु.

समुद्रावर आले. होड्या झोपल्या होत्या. कूपू पाण्यावर आडवा झाला. लांब, खूप लांब, आजीचं जातं. आवाज चालत होता. एक फणस… दोन फणस… तीन फणस…

सांगायची कशी

आवाजाचं पहिलं. मी पहिल्या रात्री "कडाड्!" म्हणून टाळी वाजवली. नाट्यमय करावं असं वाटलं. बाय उठून आजीच्या खोलीत गेली आणि त्या रात्री तिथेच झोपली. तेव्हापासून गोष्टीत "कडाड्" नाही. "गुडुगुडु" छातीतून, खालच्या पट्टीत काढायचा, आणि "लख्ख" कुजबुजत. हात मुलाच्या पाठीवर असला तर आवाजाची थरथर तिला हातातून कळते, मांजराच्या गुरगुरण्यासारखी. खूप जवळ वीज पडली तर खरा आवाज कडाड् असाच येतो, पण ते मुलाला दिवसा सांगावं.

दुसरी फजिती शेवटाची. पहिल्या आवृत्तीत कूपू डोंगरावर सगळा बरसून टाकायचा. मला ते फार सुंदर वाटलं होतं. बाय ताडकन उठून बसली: "कूपू खंय गेलो?" मी म्हटलं, पाणी झाला, नदीला मिळाला. तिच्या डोळ्यांत पाणी. ढग संपला म्हणजे कूपू मेला. म्हणून आता फक्त दोन घागरी सांडतात. निजतानाच्या गोष्टीत ज्याचं नाव मुलाला पाठ आहे तो शेवटी आपल्या जागी, आडवा, अख्खा हवा.

जाताना मुलाला मोठ्याने मोजू द्या. जात्याचं "गुड" तर तिलाच म्हणू द्या, आपण म्हणू नका. ते एक अक्षर तिच्या मालकीचं झालं की अर्धं काम झालं. परतीच्या वाटेवर मात्र मोजणी आपली. प्रत्येक फणसामागे थोडा अधिक श्वास घ्यायचा, आवाज उतरवत न्यायचा. शेवटची मोजणी पूर्ण करायची नाही. दहाच्या पुढे गेलात तर मूल "पुढे?" विचारतं. तीनवर सोडलं की ती मनातल्या मनात पुढे मोजते. पूर्ण गोष्टीला दहा मिनिटं लागतात. त्याहून लवकर संपली तर तुम्ही घाई केलीत.

गोष्ट लागू पडतेय का, हे लगेच कळत नाही. पहिले तीन-चार दिवस मूल प्रश्न विचारतं: आजीचं जातं ढगाचं की दगडाचं, कोंबडीचं तिकीट काढलं का. विचारू द्या, एका ओळीत उत्तर द्या, परत वाटेवर या. मग एक रात्र अशी येते की तुम्ही "सात" विसरून थेट "आठ" म्हणता आणि ती दुरुस्त करते. तेव्हा मोजणी तिची झाली समजा. उलट, गोष्ट सुरू होताच ती पाय आखडत असेल किंवा "आजीपर्यंत नको" म्हणत असेल, तर साखळीहूनच परत या. कूपूने त्या दिवशी सहा फणसांपर्यंतच जायचं ठरवलं, बस. आणि ढग दिसला की घराबाहेर पडायलाच नकार, खाणंपिणं सुटलं, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर ते गोष्टीच्या आवाक्याबाहेरचं आहे. बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

एक सावधगिरी. गोष्टीने भीती कमी होते तशी सावधपणाही कमी होऊ शकतो. आमची बाय एकदा वीज चमकत असताना फणस मोजायला थेट अंगणात निघाली होती. म्हणून आता घरात नियम आहे: फणस घरातूनच मोजायचे. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, मग मोजणी कितीही येवो. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास अंगणात, झाडाखाली, नदीवर कुणी जायचं नाही. हा नियम गोष्टीत घालू नका, दिवसा सांगा. गोष्टीत नियम शिरला की मूल ऐकायचं बंद करतं, हा माझा अनुभव.

यंदा मेमध्ये पहिला गडगडाट रात्री साडेनऊला आला. लाइट गेली, पंखा थांबला. लख्ख झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून हळू आवाज आला, "एक फणस, दोन फणस…" सातावर गुडुगुडु झालं. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग चिडून म्हणाली, "इतले रातीं कित्याक भरडटा?" म्हणजे, इतक्या रात्री कशाला भरडतेय?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उद्या मणगणें असणार, असं मी म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला चण्याची डाळ भिजत घालावी लागली.